तीनपैकी अडीच : आकृतीचे गुण कुठे मिळतात, कुठे जातात

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका घरी गेल्या, की विज्ञानाच्या शिक्षकांकडे एक तक्रार हमखास येते. मुलीने आकृती छापल्यासारखी काढलेली असते, छटा दिलेल्या असतात, रेषेला कुठे डाग नसतो, आणि शेजारी लाल शाईत तीनपैकी एक गुण असतो. तिच्या मैत्रिणीची आकृती वाकडीतिकडी असते आणि तिला अडीच मिळालेले असतात. पालकांना हा सरळसरळ अन्याय वाटतो. मुलीलाही वाटतो, पण ती बोलून दाखवत नाही. आपल्याला चित्रकला जमत नाही, किंवा जमत असूनही उपयोग होत नाही, एवढंच ती मनाशी ठरवून टाकते.

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी यावर पालकांना एक पत्र लिहिलं. ‘सप्रेम नमस्कार’ने सुरू होणारं दोन पानी पत्र. त्यात उपदेश नाही आणि अभ्यास करून घ्या असा आग्रहही नाही. परीक्षकाची नजर आकृतीवरून कशी फिरते, ती कुठे थांबते आणि कशावर बरोबरची खूण करते, एवढंच त्यांनी एका आकृतीच्या आधाराने समजावून सांगितलं आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या कुठल्याही मुलाच्या घरी उपयोगी पडेल असं ते पत्र आहे.

आधी आकड्यांचं थोडं. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचे दोन भाग असतात. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची आणि दोन तासांची. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांची आकृती असेल तर वाचणं, काढणं आणि नावं देणं हे सगळं मिळून नऊ मिनिटांत व्हायला हवं. छटा देत बसायला वेळ नसतो आणि छटेला गुणही नसतो. आकृत्या शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असाव्यात आणि त्यांना नावं दिलेली असावीत, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवर असते. प्रश्नात कधी ‘सुबक’ हा शब्दही येतो. पण परीक्षक त्यातून एकेरी, स्वच्छ, ओळखू येणारी रेषा एवढीच अपेक्षा धरतो. पेन्सिलीचे चार फराटे एकावर एक मारलेले नसले, की त्याच्या दृष्टीने आकृती सुबक झाली.

परीक्षकाच्या हाती नमुना उत्तरं असतात. आकृतीच्या प्रश्नाचे गुण त्यात फोडून दिलेले असतात. आकृतीला किती आणि नावांना किती, हे प्रश्नाप्रमाणे बदलतं, आणि बाईंनी पत्रात तसं स्पष्ट लिहिलं आहे. त्यांच्या शाळेच्या पूर्वपरीक्षेत तीन गुणांच्या आकृतीसाठी त्यांनी ठेवलेली विभागणी अशी होती : आकृती बरोबर असेल तर एक गुण, आणि चार नावांना प्रत्येकी अर्धा, म्हणजे दोन गुण. पालकांना धक्का बसतो तो इथेच. जी रेखाटायला पोरीने सहा मिनिटं घालवली त्या आकृतीला एक गुण, आणि शेवटच्या मिनिटात घाईघाईने लिहिलेल्या नावांना दोन.

बाईंनी उदाहरणाला घेतलेला प्रश्न पेशी विभाजनाचा होता : प्राणीपेशीच्या सूत्री विभाजनातल्या मध्यावस्थेची नामनिर्देशित आकृती काढा. दहावीच्या दुसऱ्या भागातला हा नेहमीचा घटक. पेशी दुभंगताना आधी तिच्या केंद्रकाचं विभाजन होतं आणि ते चार टप्प्यांत होतं : पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था. ज्यांना शाळेतलं विज्ञान आता आठवत नाही त्यांच्यासाठी मध्यावस्थेत काय होतं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण गुण त्यावरच ठरतात.

एरवी केंद्रकाला स्वतःचं आवरण असतं आणि गुणसूत्रं त्याच्या आत असतात. पूर्वावस्थेत हे आवरण विरघळू लागतं आणि मध्यावस्थेपर्यंत पूर्ण नाहीसं होतं. तोवर गुणसूत्रं आखूड आणि जाड झालेली असतात. ती आता पेशीच्या बरोबर मध्यावर, विषुववृत्तीय प्रतलावर, एका रांगेत येऊन उभी राहतात. पेशीच्या दोन टोकांना एकेक तारककेंद्र असतं. तिथून प्रथिनांचे बारीक धागे, म्हणजे तुर्कतंतू, निघतात आणि प्रत्येक गुणसूत्राच्या एका ठरावीक जागी येऊन जोडले जातात. ती जागा म्हणजे गुणसूत्रबिंदू. पुढच्या टप्प्यात हेच धागे आखडतात आणि प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग विरुद्ध टोकांकडे ओढले जातात. रांग आणि धाग्यांचं ते जोडलं जाणं दाखवलं नाही, तर ही ओढ कुठून येते ते आकृतीतून कळणारच नाही.

म्हणून आकृतीच्या एका गुणाचेही बाईंनी दोन तुकडे केले. गुणसूत्रं मध्यावर रांगेत आहेत का, याला अर्धा. धागे दोन्ही टोकांकडून निघून गुणसूत्रांपर्यंत पोचले आहेत का, याला दुसरा अर्धा. पेशीचा आकार गोल आहे की अंडाकृती, रांग उभी आहे की आडवी, गुणसूत्रं चार काढली की सहा, यावर काहीच अवलंबून नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ असतात. ती सगळी काढायला कोणी सांगत नाही आणि पुस्तकातल्या आकृतीतही ती नसतात. रांग उभी असेल तर तारककेंद्रं डावी-उजवीकडे हवीत, आडवी असेल तर वर-खाली हवीत, एवढंच पाहायचं.

आता त्या दोन उत्तरपत्रिका.

पहिल्या मुलीने वर्तुळ कंपासने काढलं होतं. कडेला बारीक ठिपक्यांची छटा होती. आत तुटक रेषेने दुसरं वर्तुळ काढून केंद्रकावरण दाखवलं होतं आणि त्यात सहा गुणसूत्रं विखुरलेली होती, कुठलं उभं, कुठलं तिरपं. दोन टोकांना दोन तारककेंद्रं, त्यांपासून निघालेले धागे, पण ते आतल्या तुटक वर्तुळाला लागून थांबले होते. चार नावं अशी होती : गुणसूत्र, तुर्कतंतू, तारककेंद्र आणि केंद्रकावरण.

परीक्षकाच्या डोळ्यांनी ही आकृती वाचायची तर ती तीन गोष्टी सांगते : मध्यावस्थेत केंद्रकाचं आवरण असतं, गुणसूत्रं रांगेत नसतात, आणि धागे त्यांना जोडलेले नसतात. तिन्ही चूक. खरं तर तिने पूर्वावस्थेच्या शेवटाजवळची पेशी काढली होती. त्यामुळे आकृतीचा एक गुण पूर्ण गेला. नावांमध्ये गुणसूत्र आणि तुर्कतंतू बरोबर जागी होते, त्यांचे अर्धा आणि अर्धा मिळाले. केंद्रकावरण या अवस्थेत नसतंच, म्हणून त्या नावाला गुण नाही. तारककेंद्र हे नाव बरोबर होतं, तिने ते काढलंही ठिकाणावर होतं, पण नावाकडून निघालेली रेषा टोकापर्यंत गेलीच नव्हती. ती धाग्यांच्या मध्येच संपली होती. त्याचाही अर्धा गेला. एकूण एक.

दुसऱ्या मुलीची पेशी बटाट्यासारखी झाली होती, आणि एक बाजू खोडून पुन्हा काढल्याचं दिसत होतं. पण चार गुणसूत्रं मध्यावर एकाखाली एक उभी होती. डाव्या आणि उजव्या टोकाकडून धागे येऊन प्रत्येकाला चिकटले होते. आवरण नव्हतं. आकृतीचा एक गुण पूर्ण मिळाला. तारककेंद्र, तुर्कतंतू आणि गुणसूत्र या तिन्ही नावांच्या रेषा नेमक्या जागी टेकल्या होत्या, म्हणून दीड. चौथं नाव गुणसूत्रबिंदू. त्याची रेषा गुणसूत्राच्या वरच्या शेपटाला लागली होती, जिथे धागा जोडला जातो त्या सांध्याला नाही. तिचा अर्धा तिथे गेला. एकूण अडीच.

दोघींच्या पानांवर बाईंनी लाल शाईत फक्त खुणा केल्या होत्या, शेरा लिहिला नव्हता. पत्रात त्यांनी हे मान्य केलं आहे की खुणा पाहून पालकांना काही उमगत नाही, आणि त्यासाठीच पत्र लिहावं लागलं.

या उदाहरणात सगळ्यांत जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे नावाची रेषा, आणि तिच्याकडे घरात कोणाचंच लक्ष नसतं. नाव लिहिलं की झालं, असं मुलांना वाटतं. परीक्षक मात्र नाव वाचून थांबत नाही. तो नावापासून रेषेवरून बोट फिरवत तिच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि ते टोक कशाला लागलंय ते पाहतो. रेषा त्या भागापर्यंत पोचली नाही, तर गल्लीच्या तोंडाशी टाकून दिलेल्या पार्सलासारखी तिची गत होते. घर कुठलं ते कळत नाही. दोन भागांच्या सीमेवर रेषा टेकवली, तर ती दोघांपैकी कोणाची, हे परीक्षकाने ठरवायचं नसतं. तो गुण देत नाही.

रेषा पट्टीने काढावी, दोन रेषा एकमेकींना छेदू देऊ नयेत, नावं शक्यतो उजव्या बाजूला एकाखाली एक आणि आडवी लिहावीत. जीवशास्त्राच्या आकृतीत या रेषेला बाणाचं टोक काढायचीही गरज नसते. उलट बाणाचा त्रिकोण जाडा झाला, की तो शेजारच्या भागावरही पसरतो आणि नेमकी जागा झाकून टाकतो. बाईंच्या अनुभवात यातल्या बहुतेक चुका आकृती लहान काढल्यामुळे होतात. पेशी दोन बोटांएवढी काढली, की गुणसूत्रबिंदू पेन्सिलीच्या टोकाइतका होतो आणि त्याला नेमकी रेषा लावणं मोठ्यांनाही जमत नाही. सात-आठ सेंटिमीटर रुंदीची आकृती काढली आणि उजवीकडे नावांसाठी जागा मोकळी ठेवली, तर ही अडचण सुरुवातीलाच संपते.

नावाच्या शुद्धलेखनाबद्दल पालक नेहमी विचारतात. ‘तुर्कतंतू’चा शेवटचा ऊकार ऱ्हस्व झाला म्हणून बाई गुण कापत नाहीत. शब्द ओळखता आला, की झालं. पण जिथे एक अक्षर किंवा एक पद गळलं की दुसऱ्याच भागाचं नाव होतं, तिथे त्या सवलत देत नाहीत. गुणसूत्र आणि गुणसूत्रबिंदू ही दोन वेगळी नावं आहेत. केंद्रक आणि केंद्रकी याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही मुलं खात्री नसली की तिरकी रेघ मारून दोन्ही नावं लिहितात. अशा जोडनावाला गुण मिळत नाही, त्यातलं एक बरोबर असलं तरी. चार नावं मागितली असताना सात लिहिली, म्हणूनही गुण वाढत नाहीत. वरची तीन लिहिण्यात वेळ गेला, तेवढंच.

आणखी एक सापळा आहे, आणि चांगला अभ्यास केलेली मुलंही त्यात अडकतात. मध्यावस्थेची आकृती पाठ केलेली असते ती प्राणीपेशीची. प्रश्न कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशीचा आला, तरी हात तीच आकृती काढतो. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसतं. तिथे धागे टोकांकडूनच निघतात, पण टोकाला तो ठिपका दाखवायचा नसतो, आणि पेशीला भित्तिका असल्यामुळे तिचा आकार चौकोनी काढायचा असतो. तारककेंद्र काढून त्याला नाव दिलं, तर ती सरळ चूक धरली जाते. प्रश्नातला ‘प्राणी’ किंवा ‘वनस्पती’ हा शब्द पेन्सिल उचलायच्या आधी अधोरेखित करावा, असं बाईंनी वर्गात सांगितलं आहे आणि पत्रातही लिहिलं आहे.

पश्चावस्थेची गल्लतही अशीच होते. पुस्तकात ती केळीच्या घडाच्या उपमेने समजावलेली आहे : ओढली जाणारी गुणसूत्रं दोन बाजूंना वळलेल्या केळ्यांसारखी दिसतात. ही उपमा इतकी लक्षात राहते, की मध्यावस्था विचारली तरी मुलं घड काढून मोकळी होतात. मग आकृतीचा गुण जातो. नावं मात्र योग्य भागांना लागलेली असतील तर बाई त्यांचे गुण देतात. आकृतीच ओळखता येत नसेल, तर नावांनाही त्यांच्याकडे गुण नाहीत, कारण रेषा कशाला लागली ते ठरवायला खाली काही तरी असावं लागतं.

पत्राचा दुसरा भाग पहिल्या भागातल्या, म्हणजे भौतिकशास्त्राकडे झुकणाऱ्या आकृत्यांचा आहे. तिथे हिशेब बदलतो. नावांपेक्षा रेषाच बोलते.

बहिर्गोल भिंगाची किरणाकृती घ्या. भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे आणि वस्तू भिंगापासून १५ सेंटिमीटरवर ठेवली आहे. भिंगाच्या सूत्राने उत्तर काढलं तर प्रतिमा पलीकडे ३० सेंटिमीटरवर मिळते, उलटी आणि वस्तूच्या दुप्पट उंचीची. कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे ५ सेंटिमीटर असं प्रमाण धरलं, तर दोन्ही नाभी भिंगापासून २ सेंटिमीटरवर येतात, वस्तू ३ वर आणि प्रतिमा ६ वर. सगळी आकृती जेमतेम ९ सेंटिमीटर रुंदीची होते. वस्तू दीड सेंटिमीटर उंच काढली आणि पट्टीने दोन किरण ओढले, एक मुख्य अक्षाला समांतर जाऊन भिंगातून पलीकडच्या नाभीतून खाली उतरणारा आणि दुसरा भिंगाच्या मध्यातून न वळता सरळ जाणारा, तर ते दोन किरण नेमके ६ सेंटिमीटरवर, अक्षाच्या ३ सेंटिमीटर खाली भेटतात. मुलाने सूत्र वापरलेलं नसलं तरी आकृतीने त्याला उत्तर दिलेलं असतं.

आता हेच किरण हाताने, अंदाजाने काढले आणि ते ४ सेंटिमीटरवर भेटले, तर आकृती म्हणते की प्रतिमा दुप्पट नाभीय अंतरावर, म्हणजे 2F₂ या बिंदूवर आहे आणि वस्तूएवढीच आहे. हे वाक्य वस्तू स्वतः 2F₁ वर असतानाच खरं असतं. शेजारी उत्तरात मुलाने ‘प्रतिमा मोठी मिळते’ असं लिहिलेलं असतं. लेखी उत्तर एक सांगतं आणि आकृती दुसरंच. परीक्षकाला हे चटकन दिसतं, कारण तो आधी दोन किरणांचा छेद पाहतो.

बाणांचंही तसंच आहे. जीवशास्त्रात जो बाण नको, तो इथे हवाच. प्रत्येक किरणावर प्रकाश कोणत्या दिशेने जातोय ते दाखवणारा बाण नसेल, तर ती नुसती रेघ आहे. वस्तू आणि प्रतिमा यांनाही बाणाचं टोक लागतं, नाहीतर प्रतिमा सुलटी की उलटी हे कळायला मार्ग नाही. आणि वस्तू नाभी आणि भिंग यांच्या मधे असेल, तर किरण पलीकडे भेटतच नाहीत. ते मागे वाढवावे लागतात, आणि मागे वाढवलेला भाग तुटक रेषेने काढायचा असतो, आभासी प्रतिमाही तुटक. तो भाग अखंड काढला, तर प्रकाश खरोखर तिथून येतो असा अर्थ होतो आणि आभासी प्रतिमा वास्तव ठरते. एका रेषेचा तुटकपणा इथे अर्ध्या गुणाचा असतो.

विद्युत परिपथाच्या आकृतीत तर रेखाटनकौशल्याचा संबंधच उरत नाही. चिन्हं ठरलेली, रेषा सरळ. ॲमीटर एकसर जोडणीत आहे की नाही आणि व्होल्टमीटर रोधाला समांतर आहे की नाही, एवढं पाहायला परीक्षकाला काही क्षण पुरतात. या दोघांची अदलाबदल झाली, तर बाकीचा परिपथ कितीही नीट असो, आकृती चूक.

बाईंच्या पत्रातली सगळ्यांत कळकळीची ओळ प्रयोगवहीबद्दल आहे. प्रयोगवहीच्या कोऱ्या पानांवरच्या आकृत्या बऱ्याच घरांत मोठा भाऊ किंवा बहीण काढून देते, कधी आई-बाबाही. हेतू चांगला असतो. वही वेळेवर पूर्ण व्हावी. पण आकृतीतली प्रत्येक रेषा तिथेच का थांबते, हे मुलाच्या हाताला कळायची ती वर्षभरातली मुख्य संधी असते. गाईडमधली आकृती पाहून उतरवलेली वही त्यांना चटकन ओळखता येते, असं त्या लिहितात. कारण गाईडमध्ये एखादी रेषा छपाईत सरकलेली असली, तर ती वर्गातल्या दहा वह्यांत तशीच सरकलेली येते.

पालकांना विज्ञान येत नसलं तरी घरी तपासता येईल अशी एक पद्धत पत्रात दिली आहे, आणि ती खरोखर चालते. मुलाने पुस्तक मिटून आकृती काढावी. मग पालकांनी पुस्तकातली आकृती न पाहता तिच्या शेजारचा मजकूर उघडावा आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचावं. ‘केंद्रकावरण नाहीसं होतं’ असं वाचलं, की मुलाने आकृतीत ते कुठे दिसतंय, इथे म्हणजे कुठे दिसत नाहीये, ते दाखवायचं. ‘गुणसूत्रं विषुववृत्तीय प्रतलावर येतात’ म्हटलं, की रांगेवर बोट ठेवायचं. ज्या वाक्याला आकृतीत जागा सापडत नाही, तिथे गुण जाणार. त्यानंतर पट्टी घेऊन प्रत्येक नावाच्या रेषेचं टोक पाहायचं आणि मुलाला विचारायचं, ही नेमकी कशाला लागली? उत्तर द्यायला तो अडखळला तर रेषा पुन्हा काढायची. आकृती छान आहे का, हा प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नाही.

प्रश्नाची भाषा वाचायलाही शिकवायला हवं. ‘दिलेल्या आकृतीला नावं द्या’ असा प्रश्न असेल तर आकृती पुन्हा काढण्यात पाच मिनिटं घालवायची नाहीत. सगळे गुण नावांना असतात. ‘आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा’ असं म्हटलं असेल, तर आकृती आणि मजकूर दोन्हींना गुण असतात आणि नुसत्या उत्तम आकृतीवर पूर्ण गुण मिळत नाहीत. आकृती मागितलीच नसेल आणि मुलाने काढली, तर तिला वेगळे गुण नाहीत. मजकुरात राहून गेलेला मुद्दा ती दाखवत असेल, तर बाई तो विचारात घेतात.

शेवटी पत्र निकालानंतरच्या दिवसांबद्दल बोलतं. मंडळाचा निकाल लागल्यावर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि छायाप्रत घेतल्यावर पुनर्मूल्यांकनासाठीही अर्ज करता येतो. छायाप्रत हाती आली, की आकृतीचं पान उघडून तिथे खूण आहे का ते आधी पाहावं. आकृती पुढच्या पानावर गेली असेल, किंवा नावं आकृतीपासून दूर लिहिली असतील, तर एखादं नाव तपासायचं राहून गेलेलं असू शकतं. ते शोधता येतं आणि त्यासाठी अर्ज करण्यात अर्थ असतो. त्यानंतर विषयाच्या शिक्षकांना सोबत घेऊन प्रत्येक रेषेचं टोक तपासावं. टोक बरोबर जागी असून गुण नसेल, तर तेवढ्यावर बोट ठेवून पुनर्मूल्यांकन मागावं. आकृती शेजारणीपेक्षा सुंदर आहे, या कारणावर अर्ज करू पाहणाऱ्या पालकांना बाई थांबवतात आणि तेच पान त्यांच्यासमोर ठेवून पुन्हा पहिल्या रेषेपासून सुरुवात करतात.